घूं

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी स्पीकरमधली घूं थांबेना. दादांनी पुढचा ईसीसी८३ वॉल्व्ह उपसला. घूं तशीच.

“वायरिंगची असती तर पन्नास हर्ट्झची, जाड असती,” ते कान लावून म्हणाले. “ही शंभरची आहे. रेक्टिफायरच्या पुढे बघू.”

प्लग काढून त्यांनी रेझिस्टरने चार्ज उतरवला आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच चॅसिस उलटी केली. तीनशे व्होल्टची गोष्ट, तिथे घाई नाही. ३२ मायक्रोफॅरडच्या फिल्टर कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट थर साचला होता. एक टोक सोडवून मोजला, तर जेमतेम पाच.

“आतला रस सुकलाय. डीसी सपाट होणार कसा?”

नवा ४५० व्होल्टचा कपॅसिटर टाकला, ध्रुव दोनदा तपासले. प्लग लावला. वॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले.

आजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. “बंद आहे का?”

“चालू आहे, आजी.”

त्यांनी पिशवीतून यजमानांची रेकॉर्ड काढली, पदराने पुसली आणि दादांच्या हातात दिली.