सायलीच्या लग्नाचे कपडे : फोटो कुठे येतील, 'मंजूर' कोणी म्हणायचं

नमस्कार आजी, काका, काकू, सायली आणि घरातली सगळी मंडळी,

परवाच्या बैठकीत कपड्यांचा विषय निघाला आणि पाहता पाहता नऊ जणांची नऊ मतं झाली. लग्नघरात ते व्हायचंच. पण कापडाला एकदा कात्री लागली की कोणाचंच मत चालत नाही. म्हणून कोणत्या कपड्याचे फोटो कधी येतील, कुठे येतील आणि कोणाचा शब्द शेवटचा, हे आत्ताच लिहून पाठवतेय. सगळ्यांनी एकदा सावकाश वाचा. आजींना सायलीने वाचून दाखवावं.

सर्वांत आधी मंजुरी कोणाची ते. प्रत्येक पोशाखाला एकच माणूस. हळदीची साडी, लग्नाची पैठणी आणि रिसेप्शनचा घागरा सायली ठरवेल. काकूंच्या दोन साड्या आणि मानपानाच्या साड्या काकूच. काकांचा कुर्ता-जाकीट, रोहनचे कपडे आणि आपल्याकडच्या पुरुषांचे फेटे काकांकडे. बच्चेकंपनीचे परकर-पोलके आणि धोतर-कुर्ते मोठ्या ताईंकडे. बाकीच्यांनी मतं जरूर द्यावीत, पण ती त्या त्या माणसाच्या कानात. आम्ही 'मंजूर' धरणार ते फक्त त्या एकाचं.

गौरीहराची पिवळी अष्टपुत्री मालेगावचे मामा आणणार आहेत. तो त्यांचा मान, त्याला मंजुरी-बिंजुरी काही नाही. मामांनी साडी घेतली की दुकानातूनच मला एक फोटो पाठवावा, म्हणजे ब्लाउजचं कापड जुळवून घेता येईल. एवढंच. रंग जरा आंबूस निघाला, काठ अंगठ्याएवढाच निघाला, तरी ग्रुपवर चर्चा नको. तसंच सासरकडून येणाऱ्या शालूचं. विहीणबाई फोटो पाठवतील तो पाहायचा, छान म्हणायचं. ब्लाउजची मापं मी त्यांच्याकडे परस्पर पोचवते.

आता फोटोंबद्दल. सध्याच्या 'सायली लग्न' ग्रुपवर आम्ही कपड्यांचे फोटो टाकणार नाही. तिथे आचाऱ्याचा मेनू, गाड्यांचे नंबर आणि सुप्रभातची फुलं यांच्यात साडी हरवते. शिवाय व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो आणि जरीतला बारकावा आधी तिथेच मरतो. त्याऐवजी गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर केलंय. त्याची लिंक तुम्हाला प्रत्येकाला वेगळी येईल. ज्याचा जो विभाग त्याला तेवढाच उघडेल. प्रत्येक फोटोवर क्रमांक असेल : 'हळद-२', 'पैठणी-१', 'फेटा-३'. उत्तर देताना तो क्रमांक लिहा, 'ती दुसरी हिरवी' नको. हिरव्या सध्या पाच आहेत.

फोटो आमची पूजा सकाळी खिडकीच्या उजेडात काढते, फिल्टर न लावता, आणि कापडाशेजारी पांढरा कागद ठेवून. तो कागद तुमच्या फोनवर पिवळसर किंवा निळसर दिसला तर समजा की फोनचा रंग बदललेला आहे, साडीचा नाही. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून फोन आपोआप पिवळा होण्याची सोय असते, ती बंद करून पाहा. त्याहून बरं म्हणजे रात्री पाहूच नका. तरीही रंगाचा शेवटचा निकाल फोनवर लावायचा नाही. प्रत्येक कापडाचा छोटा तुकडा क्रमांकाची चिठ्ठी लावून पाकिटात घालून तुमच्या गंगापूर रोडच्या घरी येईल. गॅलरीत, दिवसाउजेडी, हातात घेऊन ठरवा. पुण्याला सायलीकडे आणि नागपूरला आत्यांकडे कुरिअर करते.

पैठणीचा मात्र तुकडा येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. सायलीला हवी ती धूपछाँव, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. आपल्याकडे जांभळा आणि हिरवा असा विचार चाललाय. समोरून पाहिली तर जांभळी, घडी कलती केली की हिरवी झाक मारते. एका फोटोत ती कळणं शक्यच नाही. म्हणून येवल्याहून तिचा छोटा व्हिडिओ येईल : साडी उजेडात धरून हळूच फिरवलेली, मग पदर जवळून, मग तोच पदर उलट्या बाजूने. उलटी बाजू मुद्दाम मागवलीय. हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, सुटे लोंबते धागे दिसत नाहीत. दुकानात 'प्युअर' म्हणून पुढे केलेली प्रत्येक साडी ही परीक्षा देत नाही, म्हणून ती बाजू पाहिल्याशिवाय पैठणीला मंजुरी देऊ नका. मी म्हणाले तरी नाही.

आणखी एक. सायली, लग्नात नऊवारी नेसायची का सहावारी, हे व्हिडिओच्या आधी ठरव. सहावारी पैठणीची पुढे नऊवारी होत नाही. नऊवारी घेतली तर ती शिवायची की नेसायची, तेही तुझ्याकडेच. शिवली तर मांडवात सोय होते, पाच मिनिटांत चढते, पण ती साडी पुन्हा घडी घालून कपाटात ठेवता यायची नाही. माझं विचारशील तर पैठणी अखंड ठेव आणि नेसवायला बाई बोलावू. आजींचा हात अजून चांगला चालतो, त्यांनीच नेसवली तर फोटोही चांगले येतील.

ब्लाउजवर आरी वर्क आहे, तिथे टप्पे उलटसुलट करता येत नाहीत. आरीचं काम कापड चौकटीवर ताणून होतं, शिवण्याच्या आधी. म्हणजे गळा किती खोल, बाही कुठपर्यंत, हे भरतकाम सुरू व्हायच्या आत पक्कं लागतं. त्यासाठी आधी अस्तराच्या साध्या कापडाचा कच्चा ब्लाउज शिवून घेऊ. तो घालून सायलीने कॉलेज रोडच्या ऑफिसात यायचं, बसायचं, हात वर करायचे, हार घालतो तसं करून पाहायचं. मग नक्षीचा खाका कागदावर काढून येईल, त्याचा फोटो 'ब्लाउज-खाका' नावाने दिसेल. ती मंजुरी सर्वांत महत्त्वाची. एकदा सुई लागली की गळ्याची रेघ हलत नाही. त्यानंतर जे बदलेल ते एवढंच : आत ठेवलेल्या मार्जिनमुळे छाती-कमरेत थोडं सैल करता येईल, साधी बाही आखूड करता येईल. गळा मात्र वर-खाली काहीच करता येणार नाही. पैठणीसोबत येणारं ब्लाउजपीस एकच असतं, आणि तसंच दुसरं बाजारात शोधून मिळत नाही.

रिसेप्शनच्या घागऱ्याचे दोन फोटो येतील, एक दिवसाचा आणि एक लॉनवरच्या दिव्यांखालचा. स्टेजच्या पिवळ्या प्रकाशात अबोलीचा सरळ नारिंगी होतो, पिस्ता रंग तर मळकट वाटतो. दोन्ही फोटो आवडले तरच मंजूर. आणि डिसेंबर आहे, नाशिक आहे. संध्याकाळी सातनंतर लॉनवर थंडी वाजते. नेटच्या बाह्यांना माझी ना नाही, पण जोडीला शालीचा फोटोही पाठवीन, तो बाजूला सारू नका. हळद सकाळी उघड्यावर आहे, तिथेही तेच.

पुरुषमंडळींचं काम सोपं. कुर्त्याचे तीन, फेट्यांचे चार पर्याय, काकांनी एकेक निवडायचा. फेटे बांधणारे पाठवतील त्या रंगाचा तुकडा विहीणबाईंकडेही जाईल, नाहीतर दोन्हीकडचे फेटे सारखेच निघाले तर वऱ्हाडी कोण आणि यजमान कोण ते कळायचं नाही.

उत्तर कसं द्यायचं? माझ्या नंबरवर, क्रमांक लिहून, 'मंजूर' किंवा 'बदल', आणि बदल असेल तर काय तो एका ओळीत. अंगठा, बदाम आणि हात जोडलेली चित्रं आम्ही मंजुरी धरत नाही. 'छान आहे' हेसुद्धा नाही. काकू, 'बघू' म्हणजे नाही, एवढं मला आता कळतं, पण टेलरमास्तरांना कळत नाही. फोनवर सांगितलंत तर मी ते लिहून तुम्हाला पाठवीन, तुम्ही खाली 'मंजूर' लिहायचं. फोटो आल्यापासून दोन दिवसांत उत्तर हवं. गप्प राहणं म्हणजे होकार असं आम्ही मानत नाही. कापड तसंच थांबतं, पण मास्तरांकडचा आपला नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला जातो आणि मग तो परत मिळवणं माझ्या हातात राहत नाही. प्रत्येक पोशाखाला बदलाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत धरल्यात. तिसरीपासून मास्तर आणि कारागीर जे जास्तीचं घेतील ते तुमच्याकडून, त्यात माझा एक रुपयाही नाही.

वेळापत्रक सणांवरच बसवलंय. पितृपक्षात खरेदी नको असं आजींनी बजावलंय, ते मला मान्य. तेवढ्या दिवसांत फोटो आणि तुकडे फक्त पाहा, आपसात काय ते बोला. घटस्थापनेपासून मंजुऱ्या सुरू. दसऱ्याला पैठणीची पक्की मागणी आणि ॲडव्हान्स. ब्लाउजचा खाका दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. दिवाळीत कारागीर गावी जातात आणि भाऊबीज झाल्याशिवाय परतत नाहीत, तेव्हा ते दिवस गेलेलेच धरा. तुळशीच्या लग्नापर्यंत सगळ्यांच्या ट्रायल पूर्ण व्हायला हव्यात. ट्रायलला येताना लग्नात घालणार तीच चप्पल आणि आतले कपडे घालूनच या. टाचेच्या उंचीवर घागऱ्याची लांबी ठरते.

सायलीचे ट्रायलचे फोटो फक्त सायली आणि काकूंना दिसतील. ते फोल्डरमधून उतरवता येणार नाहीत. स्क्रीनशॉट मात्र मी अडवू शकत नाही, तो तुमच्या भरवशावर. कृपा करून ते कोणाच्या स्टेटसला लागू देऊ नका. सासरच्या मंडळींनी पैठणी मांडवातच पाहावी असं सायलीचं म्हणणं आहे, आणि चुलत-मावस मिळून आपला गोतावळा दोन्हीकडे सारखाच पसरलेला आहे. टेलरमास्तर आणि आरीवाल्या ताईंनाही सांगून ठेवलंय की लग्न होईपर्यंत त्यांनी आपल्या कामाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. नंतर टाकायचे तर सायलीला विचारून, चेहरा न दाखवता. लग्न झाल्यावर महिन्याभराने आम्ही आमच्याकडचं फोल्डर पुसून टाकतो. कोणाला काही ठेवायचं असेल तर त्याआधी सांगा.

उद्या संध्याकाळी लिंक येतील. आजींकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी मोठ्या आकाराचे फोटो छापून तुकड्यांच्या पाकिटातच घालते. काका, लिंक उघडली नाही तर चिडू नका, पूजाला फोन लावा, ती घरी येऊन लावून देईल. आणि मामांना अष्टपुत्रीच्या फोटोचं कोणीतरी आजच कळवा, ते घटस्थापनेलाच खरेदीला निघणार आहेत असं ऐकलं.

आपली,
वैशाली