गिऱ्हाईक आत आलं की
(म्हापसा बाजारातल्या काजू-सोलांच्या दुकानात, गल्ल्यामागे चिकटवायचा कागद)

कोणीही उंबरा ओलांडला की:

"या, या. बघा निवांत. भाव बरण्यांवर लिहिलेत. काही लागलं तर मी इथेच आहे."

एवढं बोलून आपण आपल्या कामाला. पुड्या बांधाव्या, काजू निवडावे. माणसाच्या तोंडाकडे बघत बसू नये. "बोला, काय पाहिजे?" बंद. पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं माणसाला.

शुक्रवारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कोणी आलं तर:

"वहिनी, पिशव्या ठेवा ह्या स्टुलावर, हात मोकळे होऊ देत. बसची घाई नाही ना? मग बघा सावकाश."

घाई असली तर: "मग काय हवं ते सांगा, आधी तुमचंच बांधतो."

पेडण्याच्या, डिचोलीच्या नेहमीच्या मावशींना: "या मावशी, बरें मू? पाऊस कसा आहे तुमच्याकडे?" पुढचं त्या स्वतःच सांगतात.

कोल्हापूर-बेळगावची गाडी थांबते, निम्मी माणसं आत, निम्मी दारात. बाहेरची सगळ्यात जास्त बिचकलेली असतात, म्हणून आधी त्यांच्याशी:

"आत या ना, ऊन फार आहे. आधी पाणी घ्या. काजू ताटलीत काढलेत, चाखून बघा. चाखले म्हणजे घेतलेच पाहिजेत असं काही नाही."

मग कोणीतरी दोन बरण्यांच्या भावातला फरक विचारणारच. तेव्हा:

"ह्यावर २४० आहे, त्यावर ३२०. एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात, म्हणून आकडा लहान तेवढा गर मोठा. भाजीत घालायचे असतील तर तुकडाच न्या, मोठ्याला उगाच जास्त पैसे कशाला?"

पावसात आडोशाला शिरलेल्यांना काही न घेता उभं राहायची लाज वाटते. त्यांना:

"छत्री ह्या बादलीत ठेवा, दादा. सर ओसरेपर्यंत खुशाल थांबा. खुर्ची हवी का?"

बरण्या दाखवू नका त्यांना. स्वतःहून बघितल्या तर बघितल्या.

फोनवर बोलत आलेल्याला नुसती मान हलवायची.

आपले हात गुंतलेले असले तर: "आलोच हां भाऊ, ह्या काकांचं बांधून होऊ दे. तोवर ती सोलां हातात घेऊन बघा, ह्या उन्हाळ्यात वाळवलेली आहेत." हे ऐकलं की माणूस थांबतो, कोणी बघितलंच नाही असं वाटलं की निघून जातो.

दारातूनच बघणाऱ्याला: "या ना, नुसतं बघायलाही या."

आणि काही न घेता निघालेल्याला, आवाज तसूभरही न उतरवता: "बरं, या परत. शुक्रवारी गर्दी असते, इतर दिवशी आलात तर गप्पाही होतील."