थांबा क्रमांक १२ : मातीची पाटी

काचेच्या पेटीजवळ या आणि थोडं खाली वाका. तळहातात मावेल एवढी ही पाटी मेसोपोटेमियातली, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची.

डावीकडचा वरचा कोपरा पाहा. पाचरीसारख्या खुणा दिसल्या? ही कीलाकार लिपी. ओल्या मातीत बोरूचं टोक दाबायचं, की खूण उमटली. नीट बघा, एका बाजूला खूण खोल आणि रुंद आहे, दुसरीकडे निमुळती होत जाते.

मजकूर? जवाचा हिशेब. कोणाला किती दिले, बस्स. राजाच्या स्तुतीपेक्षा हे वाचायला जास्त मजा येते!

आता उजवीकडे सरका. जागा संपली म्हणून लिहिणाऱ्याने ओळ सरळ कडेवर वळवली आहे. तिच्याखालीच त्याच्या बोटाचा ठसा.

पुढे जाण्यासाठी १३ दाबा.