पावतीवर तुझं नाव

प्रिय विनू,

फोनवर हे काढलं असतं तर "ताई, आवाज येत नाही गं" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून लिहितेय. पूर्ण वाच.

परवा मी आणि श्रेया मिरजेला गेलो होतो. माझ्या पाटल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये तळाशी ठेवल्या होत्या. आधी कॉलेजात नक्की आकडा विचारायचा आणि मग सराफकट्टा, असं मनात होतं. तुझ्या दाजींनी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. यंदा बेदाणा शेडवर असतानाच अवकाळी पाऊस झाला, माल काळा पडला, तेव्हापासून ते तसेही कमीच बोलतात.

खिडकीतला माणूस म्हणाला, "यांची फी मंगळवारीच भरलीय. पावती न्यायला आलाय का?" मला वाटलं, नावात घोळ झाला असणार. तीनदा विचारलं, तो वैतागला. मग पावती हातात दिली, तर भरणाऱ्याच्या जागी तुझं नाव!

राखीला आलास तेव्हा श्रेयाला म्हणालास, "प्रवेशाचं पत्र दाखव बरं, फोटो काढतो, ऑफिसात मिरवतो." मिरवतोस होय रे! आणि मी तुला पुरणपोळी वाढत बसले.

खरं सांगू, पहिल्यांदा जरा लागलं. तुझ्या खिशात गुपचूप नोट सरकवायची ती मी, हे इतकी वर्षं ठरलेलं. हे उलटं झालं आणि मला सुधरेना. स्टँडवर बसून रडले थोडी. श्रेयाला वाटलं प्रवेश गेला, तीही रडायला लागली. शेजारच्या आजींनी आम्हाला पाणी दिलं. तुझ्यामुळे शोभा झाली बघ.

मग तिथेच रुमाल सोडला आणि पाटल्या परत हातात घातल्या. आईच्या आहेत त्या, तुला माहीत आहे. तू पैसे भरलेस हे तर झालंच. पण मला कुणापुढे तोंड उघडायला लागू दिलं नाहीस, दाजींना खाली मान घालायला लागू दिली नाहीस, ते माझ्या मनात कायम राहील. वैशालीला ठाऊक असणारच. तिच्या संमतीवाचून तू एवढं केलं नसतंस. तिला माझ्याकडून जवळ घे.

दाजींना रात्री सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "विनायकला भाऊबीजेला चार दिवस राहायलाच बोलव." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. तर ये. दोघंही या.

श्रेयाचं माप घेऊन झालंय, गणवेश सोमवारी मिळेल. घालून पहिला फोटो मामालाच पाठवणार म्हणते, आम्हाला नंतर. फोन जवळ ठेव.

तुझी,
ताई