प्रश्न ४: रिझर्व्ह बँकेची पतनियंत्रणाची साधने स्पष्ट करा.

उत्तर: मुंबईत मुख्यालय असलेली रिझर्व्ह बँक पतपैशाचे, म्हणजे बँका कर्जे देऊन जो पैसा निर्माण करतात त्याचे, प्रमाण दोन बाजूंनी आवरते: कर्जाची किंमत बदलून आणि बँकांच्या हातातील रक्कम बदलून.

किंमतीचे साधन म्हणजे रेपो दर. बँका सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज घेतात, तो हा दर. २०१६ पासून सहा सदस्यांची पतधोरण समिती तो ठरवते. ठाण्यातील कुटुंबाचे गृहकर्ज रेपोशी जोडलेले असेल, तर दरवाढीनंतर त्यांचा हप्ता किंवा मुदत वाढते. जुन्या ठेवींचे व्याज मात्र लगेच बदलत नाही, म्हणून परिणाम हळूहळू दिसतो.

रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, थेट रकमेवर काम करते. दादरच्या बँकेकडे १०० कोटींच्या ठेवी असतील आणि प्रमाण ४ टक्के असेल, तर ४ कोटी रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडून राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये हे प्रमाण ४.५ वरून ४ टक्के केल्याने सुमारे १.१६ लाख कोटी रुपये मोकळे झाले. माझ्या मते हे अधिक जोरकस साधन आहे, म्हणूनच ते क्वचित वापरले जाते.

वैधानिक रोखता प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रोख, सोने किंवा सरकारी रोख्यांत स्वतःकडे ठेवावा लागतो तो, आणि खुल्या बाजारातील रोखे खरेदी-विक्री हीही पतपैशाचे एकूण प्रमाण बदलणारी संख्यात्मक साधने. तारणावरील मार्जिन, म्हणजे तारणाची किंमत आणि त्यावर मिळणारे कर्ज यांतील फरक, आणि नैतिक समजावणी, म्हणजे बँकांना सक्तीशिवाय केलेले आवाहन, ही कर्ज कोणत्या कामासाठी जाते ते वळवणारी गुणात्मक साधने.