विषय: १८ ते २३ डिसेंबर २०२६ च्या संतस्थान यात्रेसाठी जेवणखाण, ज्येष्ठ यात्रेकरूंची व्यवस्था आणि हरिपाठाच्या ठरलेल्या वेळा

आदरणीय शिंदेसाहेब,

राम कृष्ण हरी.

आपण पाठवलेला यात्रेचा कच्चा आराखडा मिळाला आणि मंडळाच्या बैठकीत तो सर्वांना वाचून दाखवला. सासवडला सोपानदेव, आळंदीला माउली, मुक्ताईनगरला मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथ अशी चारही भावंडांची दर्शने एकाच यात्रेत घडवावीत, वाटेत नेवासे, पैठण आणि आपेगावही करावे, ही आमची फार दिवसांची इच्छा आहे आणि आपण ती मनावर घेतलीत, याबद्दल आभार. मात्र आपल्या आराखड्यात ठिकाणे आधी ठरली आहेत आणि उरलेल्या वेळात आमचे नित्यनेम बसवले आहेत. आम्हाला ते उलट हवे आहे. हरिपाठ, काकडा आणि एकादशी या गोष्टी पक्क्या धराव्यात, सर्वांत वयस्क माणसाला झेपेल तेवढाच प्रवास रोज ठेवावा आणि मग जी ठिकाणे बसतील ती बसवावीत. वेळ कमी पडला तर एखादे ठिकाण गाळलेले चालेल, पण नेम गाळता येणार नाही. दरपत्रक पक्के करण्यापूर्वी हे सविस्तर कळवावे म्हणून हा मेल लिहीत आहे.

आम्ही एकूण ३८ जण असून त्यांत २५ महिला आणि १३ पुरुष आहेत. सत्तावीस जणांनी वयाची पासष्ट ओलांडली आहे आणि सर्वांत ज्येष्ठ आजींचे वय ८४ आहे. जवळजवळ सगळे माळकरी आहेत. निघण्यासाठी शुक्रवार, १८ डिसेंबर हा दिवस मुद्दाम निवडला आहे, कारण मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मीची पूजा आमच्या बऱ्याच महिला घरी मांडतात. १७ तारखेची पूजा उरकून त्या निघतील आणि २४ तारखेच्या गुरुवारपूर्वी त्यांना घरी पोहोचायचे आहे. त्यामुळे २३ तारखेला रात्री नऊपर्यंत साताऱ्यात परत येणे आवश्यक आहे.

क्रमात एक बदल सुचवतो. आपण आळंदीहून थेट त्र्यंबकेश्वर आणि परतीच्या दिवशी पैठण-नेवासे असे ठेवले आहे. परंतु २३ डिसेंबरला दत्तजयंती आहे आणि नेवासे तालुक्यातील देवगडला त्या दिवशी मोठी गर्दी लोटते, तेव्हा त्या रस्त्यावर आमची बस तासन्‌तास अडकेल. त्याऐवजी १८ तारखेला सासवड करून आळंदीला मुक्काम, १९ तारखेला आळंदीहून नेवासे करून पैठणला मुक्काम, २० तारखेला पैठणलाच थांबून दुपारनंतर आपेगाव, २१ तारखेला मुक्ताईनगर, २२ तारखेला त्र्यंबकेश्वर आणि २३ तारखेला सकाळी निवृत्तिनाथांचे दर्शन घेऊन परतीचा प्रवास असा क्रम ठेवावा. रविवार, २० डिसेंबरला मार्गशीर्ष शुद्ध एकादशी आहे. त्या दिवशी लांबचा प्रवास नको, असे सर्वांचे म्हणणे आहे. एकादशीचा दिवस नाथांच्या पायाशी, गोदावरीच्या काठी जावा, याहून आम्हाला दुसरे काही नको. २१ तारखेच्या प्रवासात आपण घातलेली अजिंठ्याची लेणी कृपया काढून टाकावीत. लेणी पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही, पण तिथल्या पायऱ्या आणि चालणे आमच्या निम्म्या लोकांना जमणार नाही आणि त्यापायी मुक्ताईनगरचा हरिपाठ चुकेल.

आता हरिपाठाविषयी. रोज सायंकाळी सहा ते सात हा तास हरिपाठाचा आहे आणि तो बस थांबवूनच व्हायला हवा. मागे एका यात्रेत, उशीर झाला म्हणून चालत्या गाडीत बसल्या जागी हरिपाठ म्हणायला लावला होता. टाळ धरायला हात मोकळे नाहीत, गाडीच्या आवाजात मागच्यांना पुढचे चरण ऐकू येत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना तोल सांभाळत पावली धरता येत नाही, अशा स्थितीत सत्तावीस अभंग कसेबसे संपवले गेले. ते पुन्हा होऊ नये. पाच मुक्कामांपैकी प्रत्येक ठिकाणी बस साडेपाचच्या आत पोहोचेल, असेच नियोजन करावे. २२ तारखेचा मुक्ताईनगर ते त्र्यंबकेश्वर हा टप्पा फार लांबचा आहे, म्हणून त्या दिवशी सकाळी साडेसहाला निघू. तरीही उशीर होण्याची चिन्हे दिसली, तर चांदवडला महामार्गालगतच्या रेणुकादेवी मंदिराच्या आवारात हरिपाठ करून पुढे जाऊ. तिथे बस उभी करण्याची आणि चाळीस माणसे बसण्याची सोय होईल का, याची चौकशी आपण आधीच करून ठेवावी. परतीच्या दिवशीचा हरिपाठ पुणे-सातारा रस्त्यावर एखाद्या मंदिरात थांबून होईल. ती जागाही आधी ठरवून कळवावी.

पहाटे पाच वाजता काकडा असतो. टाळ-मृदंगाच्या गजराने शेजारच्या खोल्यांतील इतर पाहुण्यांची झोपमोड होऊ नये, म्हणून हॉटेलपेक्षा भक्तनिवास किंवा धर्मशाळा घ्यावी आणि तिथे आम्हा सर्वांना बसता येईल असा सभामंडप किंवा मोठी खोली आहे, याची खात्री करावी. सतरंज्या हव्यात आणि ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी बारा खुर्च्या हव्यात. वीणा आणि पखवाज बसच्या डिकीत टाकता येणार नाहीत. ते आमच्यासोबत आत राहतील, तेव्हा पुढची दोन आसने त्यांच्यासाठी मोकळी ठेवावीत. आणखी एक लहानशी विनंती आहे. पखवाजाच्या धुमेला लावण्यासाठी रोज पहाटे आणि सायंकाळी मूठभर मळलेली कणीक लागते. ती ऐनवेळी मागितली की स्वयंपाकघर बंद असते, म्हणून तिथल्या आचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

जेवणाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची अट अशी की, जिथे मांस, मासे किंवा अंडी शिजतात अशा स्वयंपाकघरातले अन्न आम्हाला चालणार नाही. एकाच हॉटेलात दोन्ही प्रकार मिळत असतील आणि शाकाहारी पदार्थ वेगळे करतो असे सांगितले गेले, तरीही ते नको. न्याहारीला पाव, केक, बिस्किटे यांऐवजी पोहे, उपमा, इडली किंवा थालीपीठ असावे. नऊ जण कांदा-लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी भाजी आणि वेगळी आमटी निराळ्या भांड्यात आणि निराळ्या पळीने वाढली जावी. ज्येष्ठांपैकी अनेकांना कवळी असल्याने रोजच्या जेवणात मऊ भात, वरण आणि एक तरी मऊ शिजलेली भाजी असावी. तिखट आणि तेल बेताचे असावे. दुपारचे जेवण साडेबारापर्यंत आणि रात्रीचे आठपर्यंत मिळायला हवे, कारण अकरा जणांना मधुमेह आहे आणि त्यांतील दोघे जेवणापूर्वी इन्सुलिन घेतात. त्यांची इंजेक्शने ठेवण्यासाठी बसमध्ये बर्फाची पेटी आणि मुक्कामी फ्रीज मिळावा.

एकादशीच्या दिवशी २९ जणांचा उपवास असेल. त्यांच्यासाठी वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, बटाट्याची भाजी, दूध, ताक आणि फळे असावीत. फोडणीला जिरे आणि हिरवी मिरची चालेल, पण हळद, मोहरी आणि हिंग नको. या दिवशी एका बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागेल, कारण आमच्यातील एका काकूंना शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे. दाण्याचा कूट किंवा शेंगदाण्याचे तेल पोटात गेले तर त्यांचा घसा सुजून श्वास कोंडतो. उपवासाचे जवळजवळ सगळे पदार्थ कुटाशिवाय होत नाहीत, म्हणून त्यांचा वरीचा भात आणि बटाट्याची भाजी साजूक तुपात, स्वतंत्र कढईत आणि इतरांच्या आधी करावी. हे निव्वळ सांगून भागणार नाही. पैठणच्या आचाऱ्यांशी माझे स्वतःचे फोनवर बोलणे करून द्यावे आणि इतर दिवशीही भाजीत, चटणीत किंवा कोशिंबिरीत कूट असल्यास वाढण्यापूर्वी सांगितले जावे. मधुमेहाचे जे लोक डॉक्टरांच्या सल्ल्याने उपवास करत नाहीत, त्यांना त्या दिवशी भाकरी, भाजी आणि वरण मिळावे. २१ तारखेला सकाळी साडेसातला द्वादशीचे पारणे असेल. वरण-भात, भाजी, पोळी आणि एक गोड पदार्थ असे पूर्ण जेवण करूनच मुक्ताईनगरसाठी निघू.

बस ४५ आसनांची असावी, पायरी बुटकी असावी आणि नसल्यास चढण्यासाठी पक्के लाकडी पाट सोबत असावेत. दोघी वॉकर घेऊन चालतात आणि एका आजोबांना चाकाची खुर्ची लागते. ती घडीची आहे आणि आम्ही आणू. दर दीड तासाने स्वच्छतागृहासाठी थांबावे आणि थांबण्याची जागा निवडताना चहापेक्षा स्वच्छतागृह आधी पाहावे. तिथे कमोड आणि पाणी असणे गरजेचे आहे. मुक्कामी किमान आठ खोल्या तळमजल्यावर आणि कमोडच्या हव्यात. डिसेंबरची थंडी, त्यातही त्र्यंबकेश्वरची, लक्षात घेता पहाटे चारपासून गरम पाणी आणि प्रत्येकाला दोन पांघरुणे मिळावीत. रात्रीचा प्रवास करू नये आणि २२ तारखेच्या लांब टप्प्यासाठी दुसरा चालक सोबत असावा.

त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबरला होणार असल्याने डिसेंबरात तिथे गर्दी आणि रस्त्यांची कामे दोन्ही असतील. बस निवृत्तिनाथांच्या समाधिमंदिराजवळ कुठवर जाऊ शकेल आणि पुढे वयस्क मंडळींसाठी रिक्षा मिळतील का, हे तिथल्या माणसाकडून ताजे विचारून कळवावे. ब्रह्मगिरीची चढण कार्यक्रमात नको. खरेदीसाठीही कुठे स्वतंत्र थांबा नको.

या सर्व गोष्टी धरून दर माणशी खर्च किती येईल, त्यात कोणती जेवणे, खोल्या आणि रिक्षा समाविष्ट आहेत आणि आगाऊ रक्कम किती भरावी, हे ३० सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावे. खर्च थोडा वाढला तरी मंडळाची तयारी आहे. यांतील जी गोष्ट शक्य नसेल ती आत्ताच स्पष्ट सांगावी, म्हणजे तिच्यासाठी आम्हाला दुसरी सोय करता येईल. प्रत्येक यात्रेकरूचे वय, औषधे, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर यांची यादी १५ नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडे पोहोचती करतो. तिची एक प्रत चालकाजवळ आणि एक आपल्या सोबतच्या व्यवस्थापकाजवळ ठेवावी.

आपला नम्र,
विठ्ठल कदम
यात्राप्रमुख, भजनी मंडळ
मंगळवार पेठ, सातारा