ओवीने पान उलटलं

(32 पानांच्या चित्रपुस्तकाची संहिता. वय 4 ते 7.)

चित्रकारासाठी

पान 1 शीर्षकाचं, पान 2 श्रेयनामावलीचं. गोष्ट पान 3 वर सुरू होते आणि 32 वर संपते. विषम पानं उजव्या हाताला येतात, म्हणून तिथलं शेवटचं वाक्य अर्धवट सोडलंय. उत्तर उलटल्यावरच दिसायला हवं. उजव्या पानावरच्या चित्रात त्याचा सुगावासुद्धा लागू नये, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती.

आणखी एक. या झाडावर अळ्या दोन आहेत. शब्दांत एकच आहे. दुसरी पान 6, 11 आणि 15 वर कुठेतरी कोपऱ्यात हवी, पहिलीच्या वयाची, पहिलीच्या रंगाची. पान 23, 25 आणि 29 वर ती तपकिरी कोष होऊन वाळक्या फांदीला टेकलेली असेल. शोधणाऱ्याला सापडावी, सहज बघणाऱ्याला दिसू नये.

पान 3
कुंडीत एक लिंबाचं झाड होतं.
ओवी रोज त्याची पानं मोजायची.
एक, दोन, तीन, चार…
आज मोजता मोजता ती थांबली.
पाचव्या पानाचा…

पान 4
…तुकडाच गायब!

*(चित्र: पान खूप मोठं. कडेला अर्धगोल चावा. त्या चाव्यातून ओवीचा एक डोळा आपल्याकडे बघतोय.)*

पान 5
"आजोबा, माझं पान कोणी खाल्लं?"
आजोबांनी चष्मा नाकावर चढवला.
"खाणारा पानामागे लपला असेल. बघ बरं."
ओवीने श्वास रोखला.
ओवीने हळूच पान उलटलं. आणि…

*(चित्र: लिंबाच्या पानाची कड आणि पुस्तकाच्या पानाची कड एकच. उलटणारा हात वाचणाऱ्याचाच वाटावा.)*

पान 6
कोणीच नाही!
फक्त एक मुंगी.
तीही घाईत.

पान 7
पानाच्या वरच्या बाजूला मात्र काहीतरी होतं.
काळपट. चकचकीत. मध्ये पांढरा डाग.
"ईऽ! पाखराची शी!"
ओवीने एक काडी आणली.
आता काडीने ती शी ढकलणार, इतक्यात…

पान 8
शी चालायला लागली!

पान 9
"पाय असलेली शी?"
आजोबांनी भिंग दिलं. ओवीने पाय मोजले.
पुढे सहा टोकदार. मागे दहा गुबगुबीत.
"अळी आहे ही!" ओवी म्हणाली. "पण हिला शीसारखं का दिसायचंय?"
तेवढ्यात फांदीवर बुलबुल आला.
त्याला भूक लागली होती.
त्याने मान वाकडी केली. अळीकडे बघितलं. चोच उघडली, आणि…

पान 10
…मिटली.
भुर्रर्र!
शी कोण खातं?

*(चित्र: बुलबुलाची पाठ आणि त्याचं तोंड वाकडं. अळी जागची हललेली नाही.)*

पान 11
बुलबुल उपाशी गेला. अळी मात्र जेवायला बसली.
कुरुम कुरुम, पहिलं पान.
कुरुम कुरुम, दुसरं पान.
सकाळी कुरुम. दुपारी कुरुम. ओवी झोपली तरी कुरुम.
खाऊन खाऊन तिचा अंगरखा घट्ट झाला.
इतका घट्ट, इतका घट्ट, की…

पान 12
टर्रर्रर्र!

पान 13
आतून निघाला नवा अंगरखा. जरा सैल, जरा मोठा.
मग जुन्याचं तिने काय केलं असेल?
घडी घातली?
वाऱ्यावर सोडला?
मुंगीला दिला?
छे! तिने तो…

पान 14
…खाऊन टाकला.

*(चित्र: फक्त अळीचं तोंड आणि बाहेर लोंबणारं एक टोक. बाकी पान कोरं.)*

पान 15
पुन्हा कुरुम. पुन्हा घट्ट. पुन्हा टर्रर्र.
अंगरखा दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा फाटला.
चौथ्यांदा फाटला त्या सकाळी ओवी धावत आली.
आणि अळीच नाही!
वर नाही. खाली नाही. कुंडीमागे नाही.
"आजोबा, ती गेली!"
ओवी झाडावर वाकली. अगदी जवळ. अजून जवळ.
आणि एक पान…

पान 16
ओवीकडे बघायला लागलं!

*(चित्र: हिरव्या पानावर हिरवीगार, आता बोटाएवढी अळी. तिच्या फुगलेल्या पाठीवर डोळ्यांसारख्या दोन खुणा.)*

पान 17
"साप!"
"नाही गं. ही तीच आहे. या वेळी तिने हिरवा अंगरखा घातलाय."
"आणि एवढे मोठे डोळे?"
"ते नुसते रंगवलेले. खरे डोळे डोक्यावर आहेत. या बाजूला सहा, त्या बाजूला सहा. पण इतके बारीक, की भिंगातूनच बघ."
ओवीने भिंगातून बघितलं.
मग तिला अळीला हात लावावासा वाटला.
"एकाच बोटाने," आजोबा म्हणाले. "आणि हळू."
एकच बोट. अगदी हळू. आणि…

पान 18
फट्!
डोक्यामागून शिंगं निघाली!
दोन. मऊ. ओली. नारिंगी.

पान 19
शिंगांबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर आली.
ती या चित्रात दिसत नाही.
ती कुठल्याच चित्रात दिसत नाही.
मुंगीला ती कळली. मुंगी मागे फिरली.
कोळ्याला ती कळली. कोळी खाली उतरला.
मग ओवीने नाक पुढे केलं आणि…

पान 20
वाऽऽऽस!

*(चित्र: ओवीने नाक दाबलंय, आजोबांनी नाक दाबलंय. मागे बुलबुल. त्याला नाक दाबता येत नाही.)*

पान 21
एके दिवशी अळीने खाणं थांबवलं.
समोर कोवळं लुसलुशीत पान होतं. तिने ढुंकून पाहिलं नाही.
ती निघाली. फांदीवरून खोडावर. खोडावरून कुंडीवर. कुंडीला एक फेरी.
मग परत वर.
एका हिरव्या काडीवर ती थांबली. तोंडाजवळून तिने रेशमाचा धागा काढला.
शेपटीचं टोक काडीला चिकटवलं. एक धागा पाठीवरून घेतला. त्या धाग्यात रेलून ती गप्प झाली.
रात्र झाली.
सकाळी ओवी बघते तर…

पान 22
डोकं नाही.
पाय नाहीत.
खोटे डोळेसुद्धा नाहीत!

*(चित्र: हिरव्या काडीला हिरवा कोष, एका बारीक धाग्याने तोललेला. खाली पडलेला चुरगळलेला शेवटचा अंगरखा. हा मात्र कोणी खाल्लेला नाही.)*

पान 23
"याला कोष म्हणतात," आजोबा म्हणाले.
सोमवारी ओवीने कोषाकडे बघितलं. काही नाही.
मंगळवारी बघितलं. काही नाही.
बुधवारी तिने त्याला एक गाणं म्हणून दाखवलं. काही नाही.
गुरुवारी ती रुसली. बघितलंच नाही.
शुक्रवारी तिला राहवेना. बोटाचं टोक तिने कोषाला नुसतं टेकवलं, आणि…

पान 24
कोषाने अंग झटकलं!

पान 25
"आत काय चाललंय, आजोबा?"
"खूप काम चाललंय. अळीचं बरंचसं अंग विरघळतंय आणि त्यातूनच नवीन अंग तयार होतंय."
"दुखतं का तिला?"
आजोबा थोडा वेळ गप्प राहिले.
"ते मला माहीत नाही, ओवी."
मग एका सकाळी कोष काळा पडला.
ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेली ती."
"थांब. सूर्याकडे तोंड करून बघ. कोषाच्या आरपार बघ."
ओवीने डोळे पुसले. भिंग धरलं. आत…

पान 26
पंख!
घडी घातलेले. ठिपक्याठिपक्यांचे.

पान 27
दुसऱ्या दिवशी ओवी सूर्याच्या आधी उठली.
कोषाला एक चीर पडली.
चिरेतून एक पाय आला.
मग दुसरा.
मग दोन लांब मिशा. मग गुंडाळलेली सोंड.
मग हळूहळू, हळूहळू बाहेर आलं एक सुंदर, सुंदर…

पान 28
…बोचकं?

*(चित्र: ओलं, फुगलेल्या पोटाचं, चुरगळलेल्या पंखांचं काहीतरी रिकाम्या कोषाला लटकलंय. सुंदर काढू नये.)*

पान 29
"पंख मोडलेत हिचे! मी सरळ करू?"
"नको," आजोबा म्हणाले. पहिल्यांदाच जरा मोठ्याने. "हात लावलास तर ते खरंच मोडतील. तिचं तिला करू दे."
ओवीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.
फुगलेलं पोट आतलं पाणी पंखांत ढकलायला लागलं.
पोट थोडं बारीक. पंख थोडे मोठे.
पोट आणखी बारीक. पंख आणखी मोठे.
ऊन वर आलं. ओवीचे हात अजून पाठीमागेच होते.
पंख वाळले. एकदा मिटले. एकदा उघडले. आणि…

पान 30
*(शब्द नाहीत. संपूर्ण पानभर लिंबाळी फुलपाखरू: काळे पंख, त्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या कडेला लाल डाग. एक पंख पानाबाहेर गेलेला. ओवी खाली, एवढीशी.)*

पान 31
ओवी खूप वेळ हात हलवत राहिली.
"गेली," ती म्हणाली. "संपलं."
आजोबा बोलले नाहीत. ते वाळक्या फांदीकडे बघत होते.
"ओवी, या फांदीला ही गाठ कधी आली गं?"
"कुठली गाठ?"
"ही. तपकिरी."
ओवीने भिंग धरलं. ओवीने बोट टेकवलं. आणि गाठीने…

पान 32
अंग झटकलं!

"आजोबा! ही कधीपासून आहे इथे?"

मागची पानं उलट आणि तूच शोध.
सापडली, तर एकच बोट लाव.
पान 15 वर मात्र जपून. वास येईल.